घरचे बटाटा वेफर्स लाल, वातड किंवा तेलकट होतात? आधी एकच चकती तळून बघा

मी सणासुदीला घरून वेफर्सच्या ऑर्डरी घेते, त्यामुळे ओळखीपाळखीतले, नात्यातले, सोसायटीतले सगळे बिघडलेल्या वेफर्सचे फोटो मलाच पाठवतात. प्रश्न दरवेळी साधारण तेच असतात आणि उत्तरंही बऱ्यापैकी ठरलेली आहेत, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय. हे ताजे, कच्च्या बटाट्याचे, थेट तळायचे वेफर्स. उन्हाळ्यात उकडून वाळवून ठेवतो ते वाळवणाचे चिप्स वेगळे, त्याचं इथे काही नाही.

आधी तुमच्याकडे नक्की काय होतंय ते ओळखा:

- बाहेरून लाल-तपकिरी, चव कडवट, पण मधे चावलं तर अजून चिवट
- रंग छान फिका, पण कुरकुरीत नाही, वातड
- कढईतून काढला तेव्हा मस्त कुरकुरीत, तासाभरात सादळला
- बोटांना तेल लागतं, ताटलीत खाली तेल साठतं
- चकत्या एकमेकींना चिकटून गठ्ठे झाले
- एकाच घाण्यातले काही करपले आणि काही कच्चट राहिले

बहुतेक जण यातलं काहीही झालं की एकच करतात, गॅस कमी-जास्त करत बसतात. गॅसने यातलं थोडंच सुटतं. म्हणून खालच्या क्रमाने जा, फुकटातल्या गोष्टी आधी, पैसे लागणाऱ्या नंतर.

सगळ्यात पहिली तपासणी: एक चकती

पूर्ण बटाटे किसून बसायच्या आधी एका बटाट्याची एकच चकती काढा, धुवा, कापडाने अगदी कोरडी पुसा आणि नीट तापलेल्या तेलात एकटीच सोडा. तेल तापलंय की नाही हे तीच चकती सांगते, टाकली की क्षणभर खाली जाऊन लगेच वर यायला हवी आणि भोवती जोरात बुडबुडे यायला हवेत. खालीच बसून राहिली तर तेल गार आहे. आता कशालाही हात न लावता फक्त बघत बसा, रंग आधी येतो का बुडबुडे आधी थांबतात.

सगळी गंमत या एका गोष्टीत आहे. बुडबुडे म्हणजे चकतीतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतंय. बटाट्यात वजनाच्या साधारण ८० टक्के पाणी असतं आणि वेफर कुरकुरीत व्हायला ते जवळजवळ सगळं जावं लागतं, शेवटी २ टक्क्यांच्या आसपास उरतं. म्हणजे बुडबुडे जवळपास थांबले की वेफर झाला, त्याआधी नाही, रंग काहीही असो.

बुडबुडे थांबले तेव्हा चकती फिकट सोनेरी आहे आणि गार झाल्यावर कडकन मोडते, तर तुमचा बटाटा, जाडी आणि तेल तिन्ही बरोबर आहे आणि घोळ घाण्याच्या मापात, ओलेपणात किंवा नंतरच्या साठवणीत आहे. बुडबुडे जोरात चालू असतानाच चकती लाल झाली, तर एकदा आच कमी करून दुसरी चकती टाकून बघा, तीही तशीच झाली तर बटाट्यात साखर आहे, थेट शेवटच्या तपासणीवर जा. आणि बुडबुडे थांबायला पाच मिनिटांहून जास्त लागले तर चकती जाड आहे किंवा तेल कमी तापलंय. एका चकतीवर एवढं सगळं कळतं, दोन किलो बटाटे वाया घालवण्यापेक्षा हे बरं.

तळून झाल्यावर काय करता?

हे सगळ्यात सोपं, फुकट, आणि "काढले तेव्हा चांगले होते हो" म्हणणाऱ्या निम्म्या लोकांचं इथेच सुटतं. गरम वेफर डब्यात भरला की त्यातून अजून थोडी वाफ निघत असते, ती झाकणाला लागते, पाणी होतं आणि तेच पाणी वेफर परत पितो. कोमट असतानाही भरू नका. हाताला पूर्ण गार लागले की लगेच डब्यात, पण गार झाल्यावर उघड्यावर ठेवूनही नका देऊ, विशेषतः कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात. अशा दमट हवेत वेफर ताटात पसरून ठेवला की थोड्याच वेळात सादळतो, त्यात तुमच्या तळण्याचा काही दोष नाही. डबा स्टीलचा घट्ट झाकणाचा, आणि दर वेळी मोठा डबा उघडण्यापेक्षा रोजचे लहान डब्यात काढून ठेवा.

तेलकटपणाचं पण उत्तर बरंचसं इथेच आहे, आणि हे लोकांना पटत नाही. चकती तेलात असते तेव्हा आतून वाफ बाहेर ढकलत असते, त्यामुळे तेलाला आत शिरायला फारशी वाट नसते. बाहेर काढली की ती गार व्हायला लागते, आतली वाफ आटते, पोकळी तयार होते आणि पृष्ठभागावर जे तेल चिकटलेलं असतं ते आत ओढलं जातं. म्हणजे पहिलं अर्धं मिनिट महत्त्वाचं. झाऱ्यात घेऊन कढईवरच चांगलं झटकायचं, तेल निथळू द्यायचं, मग जाळीवर किंवा चाळणीत एका थरात पसरायचं. टिश्यूवर ढीग घातला की खालचे वेफर तेलात आणि वाफेत दोन्हीत बसतात. टिश्यू वापरा, पण पसरून.

मीठ याच वेळी, गरम असतानाच, अगदी बारीक केलेलं. उपवासाचे असतील तर सैंधव मिक्सरमधून फिरवून घ्या, जाडं मीठ गार वेफरवर थांबत नाही, सगळं डब्याच्या तळाशी जातं. तेलात मिठाचं पाणी शिंपडायची पद्धत काही फरसाणवाले वापरतात. घरी नको. त्यांची कढई मोठी आणि खोल असते, हाताला सवय असते. आपल्या कढईत पाणी पडलं की तेल उसळून गॅसवर आणि अंगावर येतं.

सादळलेले वेफर टाकू नका, ओव्हनमध्ये ११०-१२० डिग्रीवर पाचसात मिनिटं ठेवा किंवा जाड कढई मंद आचेवर तापवून त्यात कोरडेच हलवा, गार झाले की परत कुरकुरीत होतात. तळतानाच वातड राहिले असतील त्यांनाही याने थोडा फायदा होतो, पूर्ण नाही.

एका घाण्यात किती टाकता?

एक चकती झकास होते आणि घाणा बिघडतो, असं असेल तर ९० टक्के वेळा कढईत गर्दी आहे. साधा हिशोब सांगते. १०० ग्रॅम बटाट्यातून साधारण ७५-८० ग्रॅम पाण्याची वाफ करायची आहे, आणि पाण्याची वाफ करायला पाणी नुसतं गरम करण्यापेक्षा कितीतरी जास्त उष्णता लागते. ही सगळी उष्णता एक लिटर तेलातूनच घ्यायची ठरवली तर तेल जवळजवळ १०० डिग्रीने खाली येईल, म्हणजे तळणं थांबून उकडणं सुरू होईल. तसं होत नाही कारण खालून गॅस सतत उष्णता देत असतो, पण घरच्या शेगडीची ताकद मर्यादित आहे, ती तीनचार मिनिटांत जेमतेम तेवढ्याच बटाट्याला पुरते.

म्हणून माझं माप, एक लिटर तेलाला एका वेळी ८० ते १०० ग्रॅम चकत्या, म्हणजे एक मध्यम बटाटा. अर्धा लिटर तेल असेल तर अर्धाच. कमी वाटतं, पण दोनशे ग्रॅम एकदम टाकले तर ते दोन घाण्यांपेक्षा जास्त वेळ घेतात आणि वर तेलकट, वातड निघतात. आणि कढई तेलाने अर्ध्याच्या वर कधीही भरू नका, चकत्या टाकल्यावर फेस एकदम वर येतो.

टाकताना मूठभर गठ्ठा सोडू नका, पत्ते वाटल्यासारख्या पटापट एकेक सोडा आणि पहिली वीसेक सेकंद झाऱ्याने हळूच सुट्या करत राहा. चिकटायचं असेल तर याच वेळात चिकटतात, पृष्ठभाग एकदा कडक झाला की मग नाही चिकटत. काही करपले काही कच्चे हा प्रकारही गर्दीतूनच येतो, खालच्या चकत्यांना तेल मिळतं आणि वरच्या नुसत्या वाफेत बसतात.

तेल किती गरम, किती वेळ?

चकत्या टाकायच्या वेळी तेल १७० ते १८० डिग्री. टाकल्यावर ते खाली येणारच, १५० च्या आसपास येऊन परत चढायला हवं. दीड मिलिमीटरची चकती अशा तेलात अडीच ते चार मिनिटांत होते. त्याहून लवकर रंग आला तर तेल जास्त तापलंय किंवा बटाटा गोड आहे, त्याहून खूप उशीर झाला तर गर्दी किंवा आच कमी.

स्वयंपाकघरातला सळईचा थर्मामीटर तीनचारशे रुपयांत मिळतो, वरचेवर तळत असाल तर घ्या, माझ्या मते किसणीनंतरचा हाच सगळ्यात उपयोगी खर्च. लांबून लाल ठिपका मारून मोजायचं यंत्र फक्त वरचा थर दाखवतं, ते वापरत असाल तर आधी तेल ढवळा, मग मोजा. थर्मामीटर नसेल तर वर सांगितलेली चकतीची खूण पुरेशी आहे, फक्त ती दर दोनतीन घाण्यांनी परत बघा, कारण शेवटच्या घाण्यांपर्यंत तेल हळूहळू जास्त तापत जातं आणि लोक पहिल्या घाण्याच्या अंदाजाने चालू राहतात.

आच कशी ठेवायची? चकत्या टाकताना मोठी, बुडबुडे निम्म्यावर आले की मध्यम. शेवटी पाणी कमी उरलेलं असतं, वाफेतून उष्णता जात नाही, त्यामुळे तीच आच आता चकतीला करपवते. शेवटचं अर्धं मिनिट कढईसमोरून हलू नका. आणि हवा त्या रंगाच्या एक पायरी आधीच काढा, बाहेर आल्यावरही आतल्या उष्णतेने रंग थोडा चढतो. फिकट सोनेरीवर थांबायचं दुसरंही कारण आहे, बटाटा जितका तपकिरी तितकं त्यात ॲक्रिलामाईड जास्त, जे शरीराला चांगलं नाही. म्हणून लाल झालेले "खमंग आहेत" म्हणून खाऊ नका.

तेल कुठलं? रिफाइंड शेंगदाणा किंवा सूर्यफूल चालतं. लाकडी घाण्याचं तेल चवीला छान पण ते बरंच आधी धुरावतं, वेफर्सना लागणाऱ्या तापमानालाच त्यातून धूर यायला लागू शकतो, त्यामुळे या कामाला मी ते घेत नाही. आणि दोनतीनदा पुऱ्या-भजी तळून काळपट झालेलं, फेसाळणारं तेल वेफर्सना अजिबात नको, त्यातले जळके कण चिकटतात.

धुणं आणि कोरडं करणं

कापल्यावर चकतीच्या दोन्ही बाजूंना मोकळा स्टार्च येतो. तो राहिला तर चकत्या चिकटतात, स्टार्च तेलात पडून करपतो आणि पुढच्या घाण्यावर काळे ठिपके येतात. चकती किसणीतून थेट थंड पाण्याच्या पातेल्यात पडू दे, हाताने हलवून पाणी बदला, पाणी स्वच्छ दिसेपर्यंत, बहुतेक तीन पाणी लागतात. मग १५-२० मिनिटं थंड पाण्यात. बास. रात्रभर ठेवून फार काही मिळत नाही, उलट चकत्या पाणी पिऊन ताठ होतात आणि तळायला जास्त वेळ घेतात. थेट कढईवर किसणी धरून तेलात चकत्या पाडणारे फरसाणवाले स्टार्च धूत नाहीत हे खरं, पण त्यांचं तेलही भरपूर, आचही भरपूर आणि बटाटाही निवडलेला असतो.

कोरडं करण्यात लोक खूप कंटाळा करतात आणि मग तेलकट झाले म्हणतात. ओल्या चकतीवर चिकटलेलं पाणी पण तेलालाच उडवावं लागतं, म्हणजे १०० ग्रॅमच्या घाण्याचा १२० ग्रॅमचा घाणा झाला. चाळणीत निथळा, सुती पंचावर एका थरात पसरा, वरून दुसऱ्या पंचाने दाबून टिपा. फॅनखाली दहापंधरा मिनिटं पुरतात. तासन्‌तास ठेवू नका, कडा वाळून वळतात आणि त्याच कडा आधी करपतात. पुढचा घाणा पुसेपर्यंत बाकीच्या चकत्या पाण्यातच राहू दे, नाहीतर काळ्या पडतात.

जाडी

आता थोडा खर्च. योग्य जाडी १.२ ते १.५ मिलिमीटर. एकच्या खाली गेली की पाणी जाता जाताच करपते, दोनच्या वर गेली की बाहेरून झाली तरी मधे पाणी उरतं, आणि तेच पाणी डब्यात गेल्यावर बाहेर येऊन अख्खा वेफर मऊ करतं. "काढले तेव्हा कुरकुरीत, नंतर मऊ" याचं साठवणीनंतरचं दुसरं कारण हेच.

मोजायला पट्टी पुरे. दहा चकत्या एकावर एक ठेवा, हलकेच दाबा, उंची १२ ते १५ मिलिमीटर यायला हवी. दोन एटीएम कार्डं एकमेकांवर ठेवली की साधारण दीड मिलिमीटर होतात, तसाही अंदाज येतो. मग एकेक चकती उजेडात धरून बघा, एका कडेला पातळ आणि दुसरीकडे जाड असेल तर अर्धी लाल अर्धी पांढरी होणार हे ठरलेलंच. याचं कारण किसणीचं पातं तिरकं बसलेलं असतं किंवा शेवटी शेवटी आपण बटाट्यावर जोर एकाच बाजूने देतो.

पात्याला धार आहे ना हे पण बघा. बोथट पातं बटाटा कापत नाही, फाडतं, चकतीचा पृष्ठभाग खरबरीत होतो आणि खरबरीत पृष्ठभाग तेल जास्त धरतो. चकतीवरून बोट फिरवलं तर गुळगुळीत लागायला हवी. जुन्या किसणीचं पातं बदलून मिळत नसेल तर नवी स्टीलच्या पात्याची, जाडी कमी-जास्त करता येणारी घ्या. सुरीने एवढी पातळ आणि एकसारखी चकती काढणं सवयीच्या हातालाही अवघड आहे. किसणीसोबत बटाटा धरायची टोपी येते ती वापरा, शेवटचा तुकडा हाताने किसू नका, तो भाजीत घाला.

शेवटची आणि सगळ्यात अवघड: बटाटाच

आता ज्यांची एक चकती बुडबुडे चालू असतानाच लाल झाली त्यांच्यासाठी.

गेल्या नवरात्रात चिपळूणहून माझ्या मावसबहिणीचा फोन आला, "ताई, हात तोच, कढई तीच, महाशिवरात्रीला किती छान पांढरे झाले होते, आता सगळे लालभडक आणि मधे मऊ." तिने आच कमी करून पाहिली तर तेलकट झाले, चकत्या जाड केल्या तर जास्तच वातड, रात्रभर पाण्यात ठेवल्या तरी रंगात फारसा फरक नाही. मी तिला एक चकती तळायला लावली, फोन स्पीकरवर ठेवून. मिनिटभरातच लाल, आणि बुडबुडे अजून जोरात. म्हटलं अगं, तुझं काही चुकत नाहीये, बटाटा कोल्ड स्टोरेजचा आहे, वाण्याला विचार. वाण्याने हो म्हटलं.

महाशिवरात्र आणि नवरात्र यात फरक पडतो तो असा. उत्तरेकडचा मुख्य बटाटा जानेवारी ते मार्चमध्ये निघतो, त्यामुळे महाशिवरात्रीला बाजारात ताजा माल असतो. उरलेला कोल्ड स्टोरेजमध्ये जातो आणि पावसाळाभर, अगदी नोव्हेंबरपर्यंत तोच बाहेर येत राहतो. बटाटा २ ते ४ डिग्रीच्या थंडीत राहिला की त्यातल्या स्टार्चची साखर होते, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, आणि तेलात हीच साखर बटाट्यातल्या अमिनो आम्लांशी मिळून तपकिरी रंग आणि कडवटपणा देते. भाजीत हे कळतही नाही, वेफरमध्ये लगेच दिसतं. म्हणूनच वेफर्सचा कच्चा बटाटा घरच्या फ्रिजमध्येही ठेवायचा नाही, कोनाड्यात, अंधारात, हवा लागेल असा ठेवायचा.

मग तिला काय करायला सांगितलं? थंड पाण्याचा उपयोग का झाला नाही तर साखर पेशींच्या आत असते आणि थंड पाण्यात पेशी शाबूत असतात, फक्त कापलेल्या बाजूची थोडी साखर जाते. गरम पाण्यात पेशींचे पडदे सैल होतात आणि साखर बाहेर येते. म्हणून धुतलेल्या चकत्या ७५-८० डिग्रीच्या पाण्यात, म्हणजे वाफ येतेय, तळाशी बारीक बुडबुडे धरलेत पण उकळी नाही अशा पाण्यात, तीन मिनिटं. पाणी भरपूर, दोनशे ग्रॅम चकत्यांना दोन लिटर, आणि लिटरमागे एक मोठा चमचा व्हिनेगर. उपवासाला व्हिनेगर नको असेल तर लिंबू. आंबटामुळे चकत्या गरम पाण्यात मऊ पडून तुटत नाहीत आणि लाल व्हायचा वेगही थोडा कमी होतो. मग लगेच थंड पाणी, निथळणं, नेहमीपेक्षा जास्त काळजीने टिपणं, कारण या चकत्या नाजूक झालेल्या असतात. आणि तेल यावेळी १६० च्या आसपास, घाणा छोटा, वेळ एखाद मिनिट जास्त. आच कमी असताना तेलकट होऊ नये म्हणून घाणा छोटाच हवा, तिने पहिल्यांदा आच कमी केली तेव्हा कढई भरलेली होती.

फोटो आला तो सोनेरी वेफर्सचा, कडेला कुठेकुठे तपकिरी रेघ, पण कडवट नाही आणि पूर्ण कुरकुरीत. महाशिवरात्रीएवढे पांढरे नाही झाले, आणि अशा बटाट्याचे होतही नाहीत, हे मान्य करून चला.

हातात वेळ असेल तर हाच बटाटा दोनतीन आठवडे घरात, साधारण १८-२० डिग्रीला पोत्यात ठेवला तर काही साखर परत स्टार्चमध्ये जाते. आपल्याकडे ऑक्टोबरच्या उकाड्यात एवढं थंड कुठे मिळतं ते सोडा, पण थंडीच्या दिवसांत जमतं. दर आठवड्याला एक चकती तळून बघा. फार जुना, सुरकुतलेला, मोड आलेला बटाटा मात्र सुधारत नाही.

पैसे मोजायची तयारी असेल तर वेफर्सचा बटाटाच मागा. कुफरी चिप्सोना या जाती सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने याच कामासाठी काढल्या, पहिल्या दोन १९९८ मध्ये आल्या, त्यात साखर कमी आणि कोरडा भाग जास्त असतो. लेडी रोझेटा ही लाल सालीची जातही वेफर्सचीच. किरकोळ भाजीवाल्याकडे नावाने मिळतीलच असं नाही, मार्केट यार्डात आडत्याला विचारा, "वेफर्सचा आहे का, नवा आहे का". पुणे जिल्ह्यात असाल तर आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावरचा खरिपाचा बटाटा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निघतो, म्हणजे नवरात्राच्या सुमारास स्टोरेजमध्ये न गेलेला माल शोधता येतो. जास्त घ्यायच्या आधी दोन बटाटे घरी आणून एक चकती तळा, मगच पोतं उचला.

रंग चांगला येतो पण बटाटा पाणचट आहे अशी शंका असेल तर मिठाच्या पाण्यात टाका. एक लिटर पाण्यात साधारण १२० ग्रॅम मीठ विरघळवा आणि अख्खा बटाटा सोडा. बुडाला तर कोरडा भाग चांगला आहे, तरंगला तर पाणी जास्त, तो वेळही जास्त घेणार आणि तेलही जास्त पिणार. तरंगणारे भाजीला. आणि हिरवट साल किंवा हिरवट गर असलेला बटाटा वेफर्सलाही नको आणि भाजीलाही नको, त्यातलं सोलॅनिन हे विषारी द्रव्य तळून जात नाही.

कुठे थांबायचं

गरम पाणी देऊन, आच १६० ला ठेवूनही एक चकती लालच होत असेल तर त्या बटाट्याचे वेफर्स करणं सोडा, अजून तेल जाळू नका. भाजी, पराठे, थालीपीठ करा. पन्नासशंभर जणांची ऑर्डर असेल आणि चांगला बटाटा मिळतच नसेल तर कच्चे वेफर्स करण्यापेक्षा फरसाणवाल्याकडून तयार घ्या, ते हंगामातच निवडून माल घेतात.

घाणा १०० ग्रॅमचाच, चकत्या कोरड्या, एक चकतीही छान, आणि तरी पूर्ण घाण्याला सातआठ मिनिटं लागत असतील तर शेगडी उष्णता देत नाहीये. ज्योत निळी आहे का बघा. पिवळी असेल, भांड्याला काजळी धरत असेल, तर शेगडी गार असताना बर्नरची टोपी काढून धुवा, भोकं टाचणीने मोकळी करा, पूर्ण वाळवून बसवा. एवढंच घरी करायचं. त्याने ज्योत सुधारली नाही तर आतला जेट, पाईप, रेग्युलेटर यांना हात लावू नका, गॅस एजन्सीचा मेकॅनिक बोलवा. वास येत असेल तर आधी रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, विजेचं कुठलंही बटण चालू-बंद करू नका, आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन लावा, ती गॅस गळतीची हेल्पलाईन आहे. इलेक्ट्रिक फ्रायर असेल आणि तो ठरवलेल्या तापमानाला बंद होत नसेल तर त्याचा प्लग काढा आणि सर्व्हिस सेंटरला द्या, चालू ठेवून प्रयोग नको.

तेलातून धूर यायला लागला तर लगेच गॅस बंद करा आणि कढई तिथेच राहू द्या, उचलून दुसरीकडे नेऊ नका. पेट घेतला तर गॅस बंद, वर घट्ट बसणारं झाकण, आणि पाणी अजिबात नाही, पाणी टाकलं की पेटतं तेल सगळीकडे उडतं. झाकण पूर्ण गार होईपर्यंत उघडायचं नाही. झाकणाने विझत नसेल तर सगळ्यांना बाहेर काढून १०१ किंवा ११२. अंगावर तेल उडालं तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा, टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नको, आणि फोड मोठा असेल किंवा चेहरा-हाताचा पंजा भाजला असेल तर तसंच डॉक्टरकडे.